पंखा १२ सेकंद घेतो, रिले किती देतो?

पडद्यावर दिसतो आहे तो साखर कारखान्यातील बॉयलरचा आयडी फॅन, म्हणजे भट्टीतला धूर ओढून घेणारा पंखा. त्याची मोटर ३७ किलोवॅटची, फुल लोड करंट सुमारे ६६ अँपिअर, आणि स्टार्टर डीओएल, म्हणजे मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा. जड पंखा पूर्ण वेगाला यायला १२ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ मोटर जवळजवळ सहापट करंट ओढते. जास्त करंट वाहत राहिल्यास मोटर बंद पाडणारा, स्टार्टरमधला क्लास १० चा ओव्हरलोड रिले मात्र नवव्या-दहाव्या सेकंदालाच ट्रिप होतो.

रिले बिघडलेला नाही. आयईसी ६०९४७-४-१ या मानकानुसार थंड रिलेतून सेटिंगच्या ७.२ पट करंट गेल्यास क्लास १० चा रिले ४ ते १० सेकंदांत, क्लास २० चा ६ ते २० सेकंदांत आणि क्लास ३० चा ९ ते ३० सेकंदांत ट्रिप व्हावा लागतो. आतल्या बायमेटल पट्ट्यांना मिळणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि इतक्या थोड्या वेळात ती फारशी बाहेर पडत नाही. त्यामुळे सहापट करंटला हे आकडे सुमारे १.४४ पट होतात, म्हणजे क्लास १० चा रिले ५.८ ते १४.४ सेकंदांच्या दरम्यान केव्हाही ट्रिप होऊ शकतो.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे रिलेच्या सेटिंगचा डायल ८० अँपिअरवर नेणे. पंखा सुरू होतो खरा, पण मग ८४ अँपिअरचा, म्हणजे सव्वापटीहून जास्त, करंट तासन्‌तास वाहिला तरी रिले हलत नाही आणि वाइंडिंग भाजत राहते. डायल फुल लोड करंटवरच ठेवावा आणि बदलायचा तो क्लास.

तोही डोळे झाकून वाढवता येत नाही. समजा, रोटर अडकल्यास ही मोटर थंड स्थितीत २५ सेकंद तग धरते. क्लास ३० चा रिले सहापट करंटला ४३ सेकंदांपर्यंत थांबू शकतो. तोवर मोटर जळालेली असेल. म्हणून उत्पादकाच्या आलेखावर सहापट करंटला साधारण २० सेकंद दाखवणारा क्लास २० चा रिले इथे योग्य ठरतो. नुसता क्लास पाहून भागत नाही, कारण त्याच क्लासचा दुसरा रिले ९ सेकंदांतही ट्रिप होऊ शकतो.

चालत्या मोटरचा रिले आधीच तापलेला असतो आणि त्याची ट्रिप होण्याची वेळ थंड वेळेच्या जवळपास चौथ्या हिश्शावर येते. म्हणून पंखा बंद करून लगेच सुरू केला, तर हा क्लास २० चा रिलेही पाचेक सेकंदांत ट्रिप होईल. उलट, बायमेटल काही मिनिटांत निवते, पण मोटरच्या लोखंडाला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. रिले रीसेट झाला म्हणजे मोटर थंड झाली असे नव्हे. थर्मल मेमरी असलेला इलेक्ट्रॉनिक रिले तापण्या-निवण्याचा हा हिशेब मोटर ज्या गतीने निवते त्या गतीने ठेवतो. आणि डॅम्पर बंद ठेवून पंखा सुरू केल्यास भार घटतो, १२ सेकंदांतले काही सेकंद वाचतात.