बलूनचे तीन लाख बाजूला ठेवले, तरी त्यांचं व्याज चालूच राहतं

(सोलापुरात गाडीमालक व छोट्या व्यापाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी बरेच जण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे उचलतात, काही जण मार्केट यार्डातून कांदा वाहतात. म्हणून उदाहरण मालवाहू गाडीचंच घेतो.

समजा, डाउनपेमेंट गेल्यावर फायनान्स कंपनीचे आठ लाख रुपये गाडीत अडकले. मुदत 36 महिने. व्याज वर्षाला 12 टक्के, म्हणजे घटत्या मुद्दलावर महिना एक टक्का. बलून नसेल तर हप्ता बसतो 26,571 रुपये. तो झेपत नाही म्हटल्यावर एजंट लीजचा पर्याय पुढे करतो: शेवटी एकरकमी तीन लाख भरा, तोवर हप्ता हलका. या एकरकमी रकमेला बाजारात बलून म्हणतात, लीजच्या कागदावर कधी कधी ‘रेसिड्युअल व्हॅल्यू’ असंही लिहिलेलं असतं. आता हलका हप्ता नेमका किती?

बहुतेक जण कागदावर झटकन वजाबाकी करतात. आठातून तीन गेले, पाच उरले, पाच लाखांचा 36 महिन्यांचा हप्ता 16,607 रुपये. हे उत्तर चुकीचं आहे. कारण ते तीन लाख कंपनीने पहिल्याच दिवशी गाडीवाल्या शोरूमला मोजलेले आहेत आणि तुम्ही ते परत करणार आहात तीन वर्षांनी. मधल्या 36 महिन्यांत ते तुमच्याकडेच आहेत, तेव्हा त्यांचं व्याज द्यावंच लागणार. तीन लाखांवर महिना एक टक्का म्हणजे 3,000 रुपये. पाच लाखांचा हप्ता 16,607 आणि हे 3,000 मिळून खरा हप्ता होतो 19,607 रुपये.

एवढं एकच सूत्र लक्षात ठेवलंत तरी पुरे: जी रक्कम हप्त्यांतून फेडायची तिचा नेहमीचा हप्ता, अधिक बलूनवरचं एका महिन्याचं व्याज.

कंपनीचा माणूस हेच दुसऱ्या वाटेने काढतो. ती वाटही पाहून घेऊ, म्हणजे त्याच्या कागदावरचा आकडा ओळखता येईल. तो आधी विचारतो, तीन वर्षांनी येणाऱ्या तीन लाखांची आजची किंमत किती? 1.01 ला 36 वेळा स्वतःशी गुणलं की 1.430769 येतात. तीन लाखांना याने भागलं की 2,09,677 रुपये. आठ लाखांतून ते वजा केले की हप्त्यांतून वसूल करायचे राहतात 5,90,323. या व्याजदराला दरमहा एक रुपया 36 महिने मिळणार असेल तर त्याची आजची किंमत 30.1075 रुपये होते. 5,90,323 ला 30.1075 ने भागा, पुन्हा 19,607 च येतात. लक्षात घ्या, त्यानेही आठातून बलून वजा केलाच, पण तीन लाख नाही, दोन लाख दहा हजारांच्या आसपास. झटपट वजाबाकी नेमकी तिथेच फसते.

मोबाइलवर एक्सेल असेल तर एकाच ओळीत काम होतं:

```
=PMT(12%/12, 36, -800000, 300000)
```

आठ लाखांपुढे उणे चिन्ह, तीन लाखांपुढे नाही. दोन्हींना उणे लावलं तर उत्तर येतं 33,536 रुपये. असा आकडा दिसला की लगेच थांबा. बलून असलेला हप्ता बिनबलूनच्या 26,571 पेक्षा जास्त असूच शकत नाही. चिन्ह चुकलं आहे.

आता कंपनीने दिलेलं वेळापत्रक तपासू. पहिल्या महिन्याचं व्याज आठ लाखांवर 8,000 रुपये. हप्ता 19,607, म्हणजे मुद्दलात गेले 11,607 आणि बाकी राहिली 7,88,393. दुसऱ्या महिन्यात व्याज 7,884, मुद्दलात 11,723. असं उतरत उतरत 36 वा हप्ता भरल्यावर बाकी बरोबर तीन लाखांवर आली पाहिजे. पाच-दहा रुपयांचा फरक पूर्णांकामुळे पडतो, तो सोडून द्या. पण हप्ता 16,607 सांगितला असेल आणि दर खरोखर 12 टक्के असेल, तर शेवटची बाकी तीन लाख नसेल, 4,29,231 असेल. दरमहा 3,000 कमी भरल्याची आणि त्या थकलेल्या रकमेवर चढलेल्या व्याजाची ती बेरीज आहे. म्हणून मी कळकळीने सांगतो, वेळापत्रकाची पहिली ओळ नंतर बघा, शेवटची ओळ आधी बघा.

लीजमध्ये आणखी एक गोष्ट असते. पुष्कळदा हप्ता महिन्याच्या सुरुवातीला घेतात, म्हणजे पहिला हप्ता गाडी ताब्यात घेतानाच. मग प्रत्येक हप्ता कंपनीला महिनाभर आधी मिळतो, तर तो थोडा कमी असला पाहिजे: 19,607 ला 1.01 ने भागून 19,413. बलून मात्र 36 वा महिना संपल्यावरच भरायचा. आगाऊ हप्ता घेऊन 19,607 च लावत असतील, तर खरा दर 12 टक्क्यांच्या वर गेला, हे त्यांना तिथेच दाखवून द्या. लीजच्या हप्त्यावर जीएसटी लागतो, कर्जाच्या व्याजावर लागत नाही. आपण काढलेले आकडे कर सोडून आहेत.

आता हलक्या हप्त्याची किंमत बघू. बलूनशिवाय तीन वर्षांत एकूण व्याज जातं 1,56,572. बलून घेतला तर 2,05,857. म्हणजे 49,285 रुपये जास्त. दरमहा वाचतात 6,964. पुष्कळांना वाटतं, हेच बाजूला टाकत गेलो की बलून भरला जाईल. तसं होत नाही. कपाटात ठेवले तर 36 महिन्यांत 2,50,715 जमतात. महिना अर्धा टक्का देणाऱ्या आवर्ती ठेवीत टाकले तर 2,73,948. तरीही सव्वीस हजार कमी पडतात, कारण तुम्ही एक टक्क्याने देता आणि अर्ध्या टक्क्याने घेता. त्या ठेवीतून पूर्ण तीन लाख हवे असतील तर दरमहा 7,627 टाकावे लागतील. हप्ता आणि ही ठेव मिळून 27,234. बिनबलूनच्या हप्त्यापेक्षा हे जास्तच.

मग बलून घ्यायचाच नाही का? तीन वर्षांनी गाडी विकायची ठरलेलीच असेल आणि ती तीन लाखांच्या वर जाईल याची खात्री असेल, तर घ्या. त्यासाठी आज तीन वर्षं वापरलेली तीच गाडी बाजारात काय भावाने जाते ते दोन-तीन ठिकाणी विचारून या. अडीच लाखच येत असतील तर बलूनची रक्कम तेवढ्यापर्यंत खाली आणायला सांगा. तेव्हा हप्ता होईल साडेपाच लाखांचे 18,268 अधिक 2,500, म्हणजे 20,768 रुपये.

आणि तारीख बघा. आपल्याकडे गाडी दसऱ्याला निघते. 36 महिने म्हणजे बलूनही दसऱ्याच्याच तोंडावर येतो, यार्डात कांद्याची आवक भरात येण्याआधी. कांद्याच्या भाड्यावर भिस्त असलेल्याने मुदत चार महिन्यांनी वाढवून 40 करून मागावी. मग बलून माघाच्या सुमारास येईल आणि हप्ताही पाच लाखांचे 15,228 अधिक 3,000, म्हणजे 18,228 इतका उतरेल. एकूण व्याज मात्र तेवढ्याच हिशेबाने वाढून 2,29,111 होईल. हा आकडाही सही करण्याआधी लिहून घ्या.