एक सरकलेली मात्रा

(निवेदन. विषय: माध्यमांचा इतिहास. चित्रण: बडोदे)

[दृश्य: खिळ्यांची केस, जुळाऱ्याची बोटे]

‘मुद्रणकलेमुळे साक्षरता पसरली आणि लोकमत घडले.’ उत्तरपत्रिकेत हे वाक्य एका झटक्यात लिहून होते. छापखान्यात अशी एक ओळ उभी करायला काय लागते, ते आधी पाहू.

केस म्हणजे खणांची उथळ पेटी. तिच्या प्रत्येक खणात शिशाचे खिळे आहेत, प्रत्येकावर अक्षर उलटे. जुळारी डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवण्याची छोटी धातूची पट्टी, धरतो आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून तिच्यात लावतो. हे मुंबई पद्धतीचे डिग्री खिळे. यात वरची मात्रा आणि खालचा उकार अक्षराला जोडलेले नसतात, त्यांचे खिळे वेगळे. म्हणून आपल्याला दिसणारी एक ओळ धातूत तीन थरांची असते. ज्या अक्षरावर मात्रा नाही, त्याच्या डोक्यावरही कोरा खिळा भरावा लागतो.

[दृश्य: प्रूफावर लाल खूण]

तो भरायचा राहिला किंवा ओळ सैल आवळली, की मात्रा शेजारच्या अक्षरावर सरकते. ‘देव’चे ‘दवे’ होते. बडोद्यात दवे हे ओळखीचे आडनाव, त्यामुळे चूक प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते. शब्द म्हणून ते बरोबरच दिसते!

[दृश्य: फर्मा धुऊन खिळे खणांत परत]

लहान छापखान्याकडे खिळे थोडक्याच पानांपुरते असत. एक फर्मा, म्हणजे एकत्र आवळलेली जुळलेली पाने, छापला, की तो सोडवायचा आणि त्याच खिळ्यांनी पुढची पाने जुळवायची. म्हणजे प्रती किती काढायच्या, हे छपाईआधीच ठरायला हवे. नंतर हव्या असतील तर सगळे नव्याने जुळवा. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांच्या याद्या दिसतात, त्यामागे ही अडचणही आहे. घेणारे आधी हवेत. उत्तरात हा दुवा बहुतेक वेळा गळतो, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

[दृश्य: बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय]

वाचणारे छापखाना घडवत नाही, शाळा घडवते. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केले. पण शाळा सुटल्यावर हाताशी पुस्तक नसेल, तर शिकलेली अक्षरे विसरतात. म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची साखळी उभारली गेली, आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तके गावोगाव जाऊ लागली.

[दृश्य: छपाई यंत्र, जवळून]

लोकमताबद्दल एवढेच. ब्रिटिश मुलखातल्या 1878 च्या देशी वृत्तपत्र कायद्याने सरकारविरोधी मजकूर न छापण्याची हमी मागितली ती मुद्रक आणि प्रकाशकाकडे. अट मोडली, तर छापखान्याची सामग्रीच जप्त होऊ शके: यंत्र, केस आणि खिळे.