उत्सर्जन निम्मे झाले, मग उष्णता का वाढते? : नेट झिरोचा हिशेब

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचे संपादित रूप)

उपस्थित ज्येष्ठांना आणि मित्रमैत्रिणींना नमस्कार.

आजचा विषय ठरवताना मंडळाच्या कार्यकारिणीतील एका सदस्याने मला एक प्रश्न विचारला होता आणि तो इतका नेमका होता की मी त्याच्याच उत्तरावर थांबणार आहे. ब्रिटनचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९०च्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले आहे आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे या देशातले शेवटचे कोळशावरचे वीजकेंद्रही बंद झाले. तरीही १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधील कॉनिंग्सबी येथे पारा ४०.३ अंश सेल्सियसपर्यंत गेला, जो या देशात नोंदवला गेलेला सर्वाधिक आकडा आहे. मग या कपातीतून आपल्याला मिळाले काय, असा तो प्रश्न होता.

याचे पहिले उत्तर सरळ आहे: हवा सगळ्या जगाची सामायिक आहे, जगाच्या उत्सर्जनात ब्रिटनचा आजचा वाटा सुमारे एक टक्का आहे आणि याच काळात जगाचे एकूण उत्सर्जन वाढत गेले. परंतु हे उत्तर अपुरे आहे, कारण उद्या साऱ्या जगाने उत्सर्जन निम्मे केले तरीही तापमान वाढतच राहील, फक्त सावकाश. ते का, हे कळल्याशिवाय नेट झिरो म्हणजे काय हेही नीट कळत नाही.

कारखान्यांच्या आणि मोटारींच्या धुरातील काजळी व धूलिकण काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, पावसाबरोबर खाली बसतात. म्हणूनच एप्रिल २०२०मध्ये भारतात टाळेबंदी असताना पंजाबातल्या जालंधरहून धौलाधारची हिमाच्छादित रांग दिसू लागली होती, आणि ती छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांच्या व्हॉट्सॲपवर आली असतील. कार्बन डायऑक्साइड मात्र असा खाली बसत नाही. आपण वर्षाला जेवढा सोडतो त्यातला साधारण निम्मा भाग समुद्र आणि झाडे-माती मिळून शोषून घेतात, उरलेला निम्मा हवेत साठतो, आणि त्या साठ्यातला काही अंश हजार वर्षांनंतरही हवेत शिल्लक असतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला हा वायू आता ४२० भागांच्या पुढे गेला आहे.

आता त्याच २०२० सालाकडे पाहू, कारण त्या वर्षी इच्छा नसताना का होईना, एक जागतिक प्रयोग झाला. विमाने जमिनीवर होती, रस्ते ओस होते, आणि कोळसा, तेल व वायू जाळण्यातून होणारे जगाचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे पाच टक्क्यांनी, म्हणजे अंदाजे दोन अब्ज टनांनी घटले. हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत या वायूचे मोजमाप १९५८पासून चालू आहे. तिथल्या नोंदीत ही घट वेगळी दिसली का? नाही. त्या वर्षीही प्रमाण दहा लाखांत सुमारे अडीच भागांनी वाढले, म्हणजे आधीच्या वर्षांसारखेच. याचे गणित अवघड नाही. हवेतले प्रमाण एका भागाने वाढवायला सुमारे ७.८ अब्ज टन वायू लागतो. न सोडलेल्या दोन अब्ज टनांपैकी निम्माच हवेत राहिला असता असे धरले, तर फरक पडतो सुमारे ०.१३ भागाचा. विषुववृत्ताजवळचे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापते त्या एल निनोच्या वर्षी उष्णकटिबंधातील जंगले कमी वायू शोषतात आणि ते नेहमीपेक्षा थंड असते त्या ला निनाच्या वर्षी अधिक. एवढ्या एका कारणानेच वार्षिक वाढीत जवळजवळ एका भागाचा चढउतार होतो. त्यात ०.१३ भाग हरवून जाणारच. कोणाला यावरून टाळेबंदीतली घट निरुपयोगी होती असे वाटले, तर तो निष्कर्ष चुकीचा आहे. घट खरी होती, पण ती एका वर्षाच्या भरीतील घट होती, साठ्यातील नव्हे.

गेल्या दोन दशकांतील हवामानशास्त्राने या साठ्याबद्दल एक अत्यंत उपयुक्त गोष्ट दाखवून दिली आहे, आणि माझ्या मते ती जितकी महत्त्वाची आहे तितकी सर्वसामान्य चर्चेत येत नाही. पृथ्वीचे सरासरी तापमान या वर्षी किती वायू सोडला यावर नव्हे, तर आजवर एकूण किती सोडला यावर अवलंबून असते, आणि हा संबंध जवळजवळ सरळ रेषेचा आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक शास्त्रीय समितीच्या २०२१च्या अहवालातील मध्यम अंदाजानुसार दर एक हजार अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे तापमान सुमारे ०.४५ अंशांनी वाढते. १८५० ते २०१९ या काळात माणसाने सुमारे २,४०० अब्ज टन सोडला, आणि त्या हिशेबाने येणारी १.१ अंशाच्या आसपासची वाढ प्रत्यक्ष वाढीशी जुळते. दरवर्षीचे नवे कर्ज निम्मे केले म्हणून एकूण थकबाकी कमी होत नाही, ती फक्त सावकाश वाढते. इथेही तसेच आहे.

हा आकडा हाती घेऊन एक उदाहरण करून पाहू. जग वर्षाला ४० अब्ज टन सोडते असे धरू. एका वाटेने गेल्यास हे प्रमाण पुढची तीस वर्षे तसेच राहते. दुसऱ्या वाटेने ते दरवर्षी सारखे कमी होत तिसाव्या वर्षी शून्यावर येते. पहिल्या दहा वर्षांत पहिल्या वाटेवर ४०० अब्ज टन जमा होतात, म्हणजे ०.१८ अंशांची भर पडते. दुसऱ्या वाटेवर उत्सर्जन तोवर एक तृतीयांशाने कमी झालेले असते, पण जमा होतात सुमारे ३३३ अब्ज टन, म्हणजे ०.१५ अंशांची भर. इतक्या मोठ्या, जगाने आजवर कधीही न केलेल्या कपातीनंतर दोन्ही वाटांत फरक दिसतो तो ०.०३ अंशांचा, आणि एक जोरदार एल निनो एकाच वर्षात जगाचे तापमान ०.१ अंशाने किंवा त्याहूनही अधिक वर नेऊ शकतो. वीस वर्षांनी मात्र हा फरक ०.१२ अंश होतो आणि तीस वर्षांनी ०.२७ अंश. आयपीसीसीनेही असेच म्हटले आहे: कमी आणि जास्त उत्सर्जनाच्या मार्गांमधील तापमानाचा फरक नैसर्गिक चढउतारांतून स्पष्ट वर यायला सुमारे वीस वर्षे लागतात. म्हणून एखाद्या सरकारने दहा वर्षे प्रामाणिक कपात केली आणि तरी उन्हाळे अधिक तापले, तर त्यावरून धोरण फसले असे ठरत नाही. ते यशस्वी झाले असेही अर्थात ठरत नाही; त्यासाठी थर्मामीटर नव्हे, उत्सर्जनाची वही पाहावी लागते.

आता शून्यावर पोचल्यावर काय होते ते पाहू. अनेकांचा समज असा असतो, आणि तो फार जुन्या काळचाही नाही, की आज सगळे थांबवले तरी पुढची अनेक दशके तापमान चढतच राहील, कारण उष्णता ‘वाटेत’ आहे. हे हवेतले प्रमाण आहे तेवढेच कायम राहिले तर खरे आहे. परंतु उत्सर्जन शून्य झाले तर प्रमाण कायम राहत नाही. समुद्र आणि जंगले वायू शोषत राहतात आणि ते हळूहळू उतरू लागते. दुसऱ्या बाजूला, अतिरिक्त उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आजवर समुद्राने पोटात घेतला आहे. त्याचे खोल थर जसजसे तापतात तसतशी पृष्ठभागावरची उष्णता खाली नेण्याची त्याची गती मंदावते, आणि त्यामुळे तापमान वर सरकू पाहते. हे दोन परिणाम एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. संगणकीय प्रारूपांतून निघणारा सर्वोत्तम अंदाज असा की कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन शून्य झाल्यावर त्यामुळे होणारी तापमानवाढ काही वर्षांत जवळपास थांबते. थोडे वर किंवा थोडे खाली, साधारण ०.३ अंशांच्या आत. ती उलटत मात्र नाही. समुद्राची पातळी तर त्यानंतरही शतकानुशतके चढत राहील.

म्हणजे नेट झिरो हा तापमान खाली आणण्याचा नव्हे, ते जिथे आहे तिथे रोखण्याचा बिंदू आहे. ‘नेट’ म्हणजे निव्वळ, हे आपल्या हिशेबाच्या वहीतलेच आहे: माणसाने सोडलेले वजा माणसाने काढून घेतलेले. समुद्र आणि अस्पर्श जंगले आपणहून जे शोषतात ते वरच्या गणितात आधीच धरलेले असल्याने त्याचे श्रेय पुन्हा घेता येत नाही. घोटाळे बहुधा इथेच होतात. एखादी कंपनी ‘आम्ही नेट झिरो’ म्हणते तेव्हा मी आधी पाहतो की तिने खरोखर वायू काढला आहे, की दुसऱ्या कोणीतरी जंगल न तोडल्याचे प्रमाणपत्र विकत घेतले आहे. कारण न तोडलेले झाड हवेत भर घालत नाही, पण कंपनीच्या धुराड्यातून गेलेला वायू त्याने परतही येत नाही. नवीन लावलेले झाड वायू नक्की घेते, मात्र वणवा लागला किंवा कीड पडली की तोच वायू परत हवेत जातो. कोळशातला कार्बन लक्षावधी वर्षे जमिनीखाली होता आणि त्याची बरोबरी चाळीस वर्षांच्या झाडाशी करणे मला पटत नाही. हवेतून वायू खेचून खडकात मुरवण्याचे यंत्र आइसलँडमध्ये आहे. तिथल्या मॅमथ नावाच्या, २०२४मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची नियोजित क्षमता वर्षाला ३६,००० टन आहे, आणि जग एवढा वायू सुमारे अर्ध्या मिनिटात सोडते. तेव्हा काढून घेण्याची बाजू ही विमान, सिमेंट, भातशेती, गुरे अशा अवघड अवशेषांपुरतीच धरणे शहाणपणाचे.

ब्रिटनच्या २००८च्या हवामान बदल कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन २०५०चे लक्ष्य ८० टक्के कपातीवरून १०० टक्के निव्वळ कपातीवर आले. त्यात फक्त कार्बन डायऑक्साइड नव्हे तर मिथेनसह इतर हरितगृह वायूही धरले आहेत. मात्र हा हिशेब देशाच्या हद्दीतला आहे, त्यामुळे चीनमध्ये तयार होऊन आपल्या घरी आलेल्या वस्तूचा धूर इथल्या वहीत चढत नाही.

मिथेनची गोष्ट निराळी आहे. तो हवेत सुमारे बारा वर्षे टिकतो, म्हणून गळक्या वायुवाहिन्या आणि कचराभूमी आवरल्या तर काही दशकांतच तापमानावर परिणाम दिसतो; झटपट फळ हवे असेल तर ते इथे आहे. उलट, कोळशाबरोबर जळणारे गंधक हवेत जे सूक्ष्म कण तयार करते ते सूर्यप्रकाश परतवतात आणि उष्णतेचा काही भाग झाकून ठेवतात. कोळसा थांबला की हे कण आठवड्यांत नाहीसे होतात, फुप्फुसांना आराम मिळतो, आणि झाकलेली उष्णता उघडी पडते. जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा २०२०मध्ये ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणल्यापासून त्याचा परिणाम किती झाला, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, दिशेबद्दल मात्र नाही.

शेवटी भारताविषयी, कारण तो प्रश्न येणारच. नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत भारताने नेट झिरोसाठी २०७०चे लक्ष्य जाहीर केले आणि सारी चर्चा त्या सालाभोवती फिरली. वर केलेल्या हिशेबाने पाहिले तर २०७० की २०६५ याहून जास्त फरक पडतो तो उत्सर्जनाचा कळस कधी आणि किती उंचीवर येतो आणि तिथे ते किती वर्षे रेंगाळते याने, कारण तापमानाला मोजायची असते ती वाटेवरची बेरीज. हेच ब्रिटनलाही लागू आहे, आणि त्याची आजवरची बेरीज तर औद्योगिक क्रांतीपासून चालू आहे.