ऑक्सिमीटर ९७ दाखवतंय, मग धाप कशामुळं? वायूंच्या देवाणघेवाणीवरचे चार प्रश्न

(पडद्यावर: लातूर, संध्याकाळची अभ्यासिका. टेबलावर हाताने लिहिलेल्या प्रश्नांची झेरॉक्स.)

ही झेरॉक्स लातूरच्या एका ज्युनियर कॉलेजमधल्या बायोलॉजीच्या मॅडमनी काढलेली आहे. एका पानावर चारच प्रश्न आहेत, आणि पुस्तकातला तक्ता ज्यांचा तोंडपाठ आहे त्यांची गाडीसुद्धा तिसऱ्या प्रश्नावर हमखास अडकते. कारण हवेतला दाब, रक्तातले टक्के आणि खरोखर पेशीपर्यंत पोहोचलेला ऑक्सिजन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेपरात पोरं त्या एकच समजून लिहितात.

पहिला प्रश्न घरचाच आहे. "लातूर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, इथं हवेचा दाब ७०७ मिलिमीटर पारा धरा आणि वायुकोशातला ऑक्सिजनचा आंशिक दाब काढा."

(पडद्यावर: मॅडम फळ्यावर लिहितायत.)

बहुतेक जण ७०७ ला थेट ०.२१ ने गुणतात, १४८ आणतात आणि थांबतात. पण हा आकडा झाला बाहेरच्या कोरड्या हवेचा. श्वास नाकातनं आत गेला की हवा ओली होते, शरीराच्या तापमानाला पाण्याची वाफ तिथं ४७ मिमीची जागा घेते, म्हणून आधी ४७ वजा करायचे आणि मग गुणायचं.

७०७ − ४७ = ६६०
६६० × ०.२१ = १३९

अजून संपलं नाही. वायुकोशातनं ऑक्सिजन सतत रक्तात चाललाय आणि रक्तातनं कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर येतोय, त्याचा हिशोब धरायचा तर कार्बन डायऑक्साइडच्या ४० मिमीला ०.८ ने भागायचं, येतात ५०, ते १३९ मधनं वजा केले की उरतात ८९. पुस्तकात १०४ लिहिलंय ते समुद्रसपाटीच्या ७६० दाबाचं. मग लातूरच्या माणसाला ऑक्सिजन कमी पडतो का? नाही पडत, कारण हिमोग्लोबिनचा तो एस आकाराचा वक्र वरच्या टोकाला जवळजवळ सपाट आहे, दाब दहा-पंधरा मिमीने खाली आला तरी संपृक्तता एखाद्या टक्क्यानेच हलते. ही सपाट जागा लक्षात ठेवा, चौथ्या प्रश्नात तीच परत लागणार आहे. पुढचे आकडे मात्र मॅडमनी पुस्तकातलेच घेतलेत, परीक्षेत तेच चालतात.

दुसरा प्रश्न. "हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असलेल्या माणसाचं १०० मिलिलीटर रक्त पेशींना किती ऑक्सिजन देतं?"

सगळ्यांना उत्तर पाठ आहे, ५ मिलिलीटर. मॅडम म्हणतात पाठ नको, काढून दाखवा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर १.३४ मिलिलीटर ऑक्सिजन धरतं, म्हणजे १५ ग्रॅमची क्षमता झाली २०.१. धमनीत दाब ९५, संपृक्तता ९७ टक्के, म्हणजे १९.५ मिलिलीटर. पेशींकडनं परत येताना शिरेत दाब ४०, संपृक्तता ७५ टक्के, म्हणजे १५.१.

१९.५ − १५.१ = ४.४

प्लाझ्मात नुसता विरघळलेला ऑक्सिजन जातो तो अगदी थोडा, १०० मिलिलीटर रक्तात दाबाच्या दर मिमीला फक्त ०.००३ मिलिलीटर, त्यामुळं दाब ९५ वरनं ४० वर आला तरी त्यातनं जेमतेम ०.२ मिळतो. बेरीज ४.६, पुस्तकाने पूर्णांक करून ५ लिहिलंय. पण या गणितात खरी बघायची गोष्ट आहे ते १५.१. पेशींना देऊन झाल्यावरही तीन चतुर्थांश ऑक्सिजन रक्तात तसाच परत येतो, तो वाया गेलेला नाही, ती शिल्लक आहे. आराम करताना ती लागत नाही, पळताना, चढताना, ओझं उचलताना लागते.

आता तिसरा, आणि या प्रश्नासाठीच मॅडमनी हे पान काढलंय.

(पडद्यावर: उसाचा फड. डोक्यावर मोळी घेऊन एक बाई फळीवरनं ट्रकवर चढतेय.)

"बीड जिल्ह्यातनं उसतोडीला गेलेली १७ वर्षांची मुलगी. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकवर चढताना तिला धाप लागते, दोन खेपा झाल्या की खाली बसावं लागतं. बसलेली असताना ऑक्सिमीटर ९७ टक्के दाखवतो, नाडी मात्र ११०. फुप्फुसं तपासली, काही दोष नाही. हिमोग्लोबिन ८ ग्रॅम. धापेचं कारण आकडेमोडीसह लिहा."

वर्गातली एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, ९७ आहे म्हणल्यावर ऑक्सिजन भरपूर आहे की, मग धाप कामून लागायली तिला?"

मॅडमनी तिलाच खडू दिला.

आधी धमनीतलं. ८ ग्रॅमला १.३४ ने गुणलं, क्षमता आली १०.७. त्याचे ९७ टक्के काढले, १०.४ मिलिलीटर. दुसऱ्या प्रश्नात हाच आकडा १९.५ होता. टक्के तेच आणि ऑक्सिजन जवळपास निम्मा. फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी आल्यावर वर्गात जरा शांतता झाली, मग मॅडमनी समजावलं, "काळीपिवळीच्या जिपा बघता ना तुम्ही, सगळ्या जिपा गच्च भरल्यात हे खरंय, पण पंधरा जिपा निघायच्या तिथं आठच निघाल्यात, मग गावात माणसं किती पोहोचली?" ऑक्सिमीटर बोटातनं लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडतो आणि कुठला किती शोषला जातोय त्याचं प्रमाण बघतो, त्यावरनं जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के भरलंय एवढंच त्याला कळतं, एकूण हिमोग्लोबिन किती ते त्याला कळायचा मार्गच नाही.

आता शिरेतलं. पेशींची भूक कमी झालेली नाही, त्यांना दर १०० मिलिलीटरमागं ४.४ लागतातच, म्हणजे परत येताना उरले १०.४ वजा ४.४, बरोबर ६. त्याला १०.७ ने भागा, ५६ टक्के. ७५ ऐवजी ५६. आणि वक्रावर ५६ टक्क्यांसमोरचा दाब बघितला तर तो ३० मिमीच्या आसपास येतो, ४० नाही. इथं बरेच जण घाईत पुढं जातात, पण वायूंची देवाणघेवाण दाबाच्या फरकावर चालते, केशवाहिनीतला दाबच ३० वर आला तर रक्तातनं पेशीकडं ऑक्सिजन ढकलणारा जोर कमी होतो. म्हणजे बिघाड वायुकोशाच्या भिंतीत नाही, रक्ताच्या वाहून नेण्यात आहे, आणि त्याचा ताण शेवटच्या टप्प्यावर, पेशीपाशी दिसतो.

शरीर गप्प बसत नाही. लाल पेशींमध्ये बीपीजी नावाचा रेणू वाढतो, तो वक्र उजवीकडं सरकवतो आणि त्यामुळं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जरा सहज सोडतं, म्हणून प्रत्यक्षात दाब आपल्या गणिताइतका खाली जात नाही. दुसरं म्हणजे हृदय जास्त रक्त फेकतं. आरामात मिनिटाला २५० मिलिलीटर ऑक्सिजन लागतो असं धरा, दर १०० मिलिलीटरमागं ५ मिळत असतील तर ५ लीटर रक्त पुरतं, ३.५ च मिळत असतील तर ७ लीटर फिरवावं लागतं. प्रश्नातली ती ११० ची नाडी इथनं आलीय. ऑक्सिमीटरवर दोन आकडे असतात, पोरं वरचा बघून उत्तर लिहितात, या मुलीची खरी हकिगत खालच्या आकड्यात होती.

मग मोळी उचलल्यावर काय होतं? समजा स्नायूंनी धमनीतल्या ऑक्सिजनचे तीन चतुर्थांश काढून घेतले आणि हृदयाने मिनिटाला १५ लीटर रक्त फिरवलं. १५ ग्रॅमवाल्याला मिनिटाला साधारण २१९० मिलिलीटर मिळतात, हिला ११७०. मोळीचं वजन दोघांना सारखंच आहे, फळीची चढण सारखीच आहे. वरची गरज स्नायू ऑक्सिजनशिवाय भागवतात, लॅक्टिक आम्ल साचतं, रक्त आम्लधर्मी होऊ लागतं आणि ते मेंदूतल्या श्वसनकेंद्राला कळतं, श्वास जोरात चालतो. पण कितीही जोरात श्वास घेतला तरी ९७ चे फार तर ९८-९९ होतील.

इथं मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली, मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं तर ठीक समजतात, पुस्तकातला १५ हा सगळ्यांसाठीचा नियम नाही, त्यामुळं तुलना करताना कोणाशी करतोय ते उत्तरात लिहायचं.

(पडद्यावर: दवाखान्यातला ऑक्सिजन सिलिंडर, मास्क.)

चौथा प्रश्न त्याच मुलीचा. "तिला शुद्ध ऑक्सिजनचा मास्क लावला तर १०० मिलिलीटर रक्तात किती भर पडेल?"

पहिल्या प्रश्नातली सपाट जागा आठवा. हिमोग्लोबिन आधीच ९७ टक्के भरलेलं आहे, ते १०० टक्के झालं तरी १०.७ चे ३ टक्के म्हणजे ०.३ मिलिलीटरच वाढले. उरलेली वाढ विरघळलेल्या ऑक्सिजनची. मास्क घट्ट बसला आणि धमनीतला दाब ६०० पर्यंत गेला असं धरलं तर ०.००३ ने गुणून १.८ येतात, आधी ०.३ होतेच, म्हणजे वाढ १.५. दोन्ही मिळून १.८. काहीच फायदा नाही असं लिहिलं तरी चूक आणि सगळं ठीक होईल असं लिहिलं तरी चूक. इमर्जन्सीत हे १.८ सुद्धा उपयोगी पडतात, पण मास्क काढला की काही मिनिटांत गेले, आणि शुद्ध ऑक्सिजन दिवसेंदिवस दिला तर फुप्फुसांनाच इजा करतो.

याच्या समोर मॅडमनी दुसरं गणित मांडायला लावलं. हिमोग्लोबिन एका ग्रॅमने वाढलं की १०० मिलिलीटरमागं १.३ मिळतात, आणि ते टिकतात. हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारण लोहाची कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या चालू होतात, त्याला आठवडे लागतात, कारण नव्या लाल पेशी अस्थिमज्जेत तयार व्हाव्या लागतात. समजा हिमोग्लोबिन ८ वरनं १२ वर आलं. क्षमता १६.१, धमनीत १५.६, पेशींनी ४.४ घेतले, शिरेत उरले ११.२, म्हणजे ७० टक्के. शेवटचा भागाकार त्या मुलीनेच केला, जिने धाप कामून लागायली असं विचारलं होतं, आणि उत्तराखाली तिने स्वतःहून एक ओळ जोडली की आता हृदयाला ७ लीटर फिरवायची गरज नाही, म्हणून नाडी पण खाली यायला पाहिजे. मॅडमनी त्या ओळीला वेगळा एक मार्क दिला.