भूकंपाचे पट्टे, ज्वालामुखींचे पट्टे आणि खाली जाणारे पाणी

(भूगोलाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

भूपट्टांच्या सीमांचे तीन प्रकार आणि प्रत्येक सीमेवरचे भूकंप व ज्वालामुखी, असा आजचा विषय जाहीर झाला आहे. त्या तिन्हींपर्यंत मी पोहोचणार आहे; पण त्याआधी जगाच्या एका नकाशाविषयी माझी जुनी तक्रार आपल्याला ऐकून घ्यावी लागेल. हा नकाशा आपण सर्वांनी परीक्षेत काढला आहे. त्यात भूकंप आणि ज्वालामुखी एकाच रंगाने रंगवलेल्या एकाच पट्ट्यात दाखवतात, पॅसिफिकभोवतीच्या भागाला अग्निकंकण म्हणतात आणि खाली लिहितात की भूपट्टांच्या सीमा कमकुवत असल्यामुळे आतला वितळलेला खडक तेथून वर येतो. या वाक्याला गुण मिळतात, हे मला मान्य आहे. मात्र भूपट्टांच्या खाली वितळलेल्या खडकाचा समुद्र नाही. प्रावरण जवळजवळ संपूर्णपणे घन आहे. ते अतिशय संथपणे प्रवाहित होते, पण घन अवस्थेतच. तेव्हा आधी सांगायचे ते हे की घन खडक वितळतो कशामुळे, आणि तो नेमका ठरावीक रेषांवरच का वितळतो.

त्याचे उत्तर शोधण्याची वाट जपानमधून जाते. टोकियोच्या केंद्रीय हवामान वेधशाळेत कियू वादाती हे तरुण शास्त्रज्ञ भूकंपांच्या नोंदी तपासत होते. भूकंपाच्या प्राथमिक लहरी आधी पोहोचतात आणि दुय्यम लहरी मागून येतात, त्यामुळे दोन्हींच्या आगमनातील वेळेच्या फरकावरून भूकंपाची नाभी, म्हणजे तो जिथे सुरू होतो ती जागा, वेधशाळेपासून किती दूर आहे हे कळते. भूकवचात फरकाच्या एका सेकंदाला सुमारे 8 किलोमीटर अंतर धरतात, तर प्रावरणात ते साधारण 10 किलोमीटर पडते. उथळ भूकंपात अपिकेंद्राजवळच्या, म्हणजे नाभीच्या सरळ वरच्या जागेजवळच्या, वेधशाळेत दोन्ही लहरी जवळजवळ एकापाठोपाठ येतात. आता असा भूकंप कल्पना करा की ज्यात जपानभरच्या कोणत्याही वेधशाळेत हा फरक 40 सेकंदांपेक्षा कमी भरत नाही. अगदी अपिकेंद्रावरच बसलेल्या वेधशाळेलाही नाभी 400 किलोमीटर दूर दिसत असेल, तर ती आडव्या दिशेने दूर असू शकत नाही. ती सरळ खालीच असली पाहिजे. 1928 मध्ये वादाती यांनी अशा खोल भूकंपांचे अस्तित्व पटण्याजोग्या पुराव्याने मांडले, आणि तेही त्या काळात, जेव्हा इतक्या खोलीवरच्या दाबाखाली खडक तुटूच शकत नाही असे अनेकांना वाटत होते.

1935 मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी भूकंपांच्या खोलीच्या समपातळी रेषा काढल्या आणि त्या रेषा उतरत्या पृष्ठभागासारख्या दिसू लागल्या: पॅसिफिकच्या बाजूला उथळ, पश्चिमेकडे आशिया खंडाखाली खोलखोल. ज्वालामुखींची रांग या रेषांना समांतर जाते, याचीही त्यांनी नोंद घेतली. भूपट्ट विवर्तनिकीचा सिद्धांत त्यानंतर तीस वर्षांनी आला. पुढे या उतरत्या पट्ट्याला कित्येक वर्षे अमेरिकन शास्त्रज्ञ ह्यूगो बेनियॉफ यांचेच नाव होते; वादाती यांचे नाव त्याला सावकाश जोडले गेले. ही माझी दुसरी तक्रार. तिच्यावर मी अर्धा तास बोलू शकतो, पण संयोजक घड्याळ दाखवत आहेत.

त्या उतरत्या पृष्ठभागाचा अर्थ असा की ईशान्य जपानखाली पॅसिफिक भूपट्ट दरवर्षी सुमारे 8 सेंटिमीटर वेगाने घुसत आहे. जपान गर्तेपाशी तो वाकतो आणि वरच्या भूपट्टाला घासत खाली जातो. तेथे दोन्ही भूपट्ट दीर्घ काळ अडकून राहतात आणि मग एकदम सुटतात. 11 मार्च 2011 चा 9 प्रतेचा भूकंप हा असाच सुटण्याचा प्रकार होता आणि गर्तेजवळच्या भागात त्या एका घटनेत सुमारे 50 मीटरपर्यंत सरक झाली. आता गर्तेपासून पश्चिमेकडे चला. पहिले सुमारे अडीचशे किलोमीटर भूकंप आहेत, पण ज्वालामुखी नाहीत. इवाते आणि झाओ यांच्यासारख्या ज्वालामुखींची आघाडीची रांग त्यानंतर सुरू होते, आणि तिच्याखाली उतरता भूपट्ट साधारण 100 किलोमीटर खोलीवर असतो. म्हणजे नकाशावरचा एकच पट्टा खरे तर दोन समांतर पट्ट्यांचा आहे, आणि त्यांच्यामध्ये रिकामी जागा आहे.

ती रिकामी जागा पाण्याच्या प्रवासाची आहे. समुद्रतळाचा खडक कोट्यवधी वर्षे पाण्यात राहिल्याने क्लोराइट, ॲम्फिबोल, सर्पेंटाइन अशा खनिजांच्या रचनेत पाणी बांधलेले असते. भूपट्ट खाली जाताना दाब आणि तापमान वाढते, ही खनिजे टिकत नाहीत आणि पाणी वरच्या प्रावरणात शिरते. 100 किलोमीटर खोलीवर कोरडा प्रावरण-खडक वितळायला साधारण 1500 अंश सेल्सियस लागतात; भरपूर पाणी असेल तर सुमारे 1000 अंशांतही तो वितळू लागतो. बर्फावर मीठ टाकल्यासारखाच हा परिणाम आहे. तेथील प्रावरण 1200 अंशांच्या आसपास आधीच गरम असते. त्यामुळे पाणी येताच थोडा भाग वितळतो आणि हलका शिलारस वर चढू लागतो. खाली जाणारा भूपट्ट स्वतः मात्र थंड असतो, म्हणूनच तो इतक्या खोलवर तुटू शकतो. सुमारे 700 किलोमीटरनंतर भूकंप थांबतात.

हे स्पष्टीकरण खरे आहे, याची परीक्षा पेरूमध्ये होते. तेथे सुमारे 5 ते 15 अंश दक्षिण अक्षवृत्तांदरम्यान नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली जातो आणि मोठे भूकंप होतात, पण आज एकही सक्रिय ज्वालामुखी नाही. भूपट्ट 100 किलोमीटरच्या आसपास पोहोचल्यावर जवळजवळ आडवा होतो, खंडाच्या तळाला चिकटून पुढे सरकतो आणि पाणी जिथे जायला हवे होते ते गरम प्रावरण दोहोंमध्ये उरतच नाही. उत्तरेला इक्वेडोरमध्ये आणि दक्षिणेला चिलीच्या सीमेकडे भूपट्ट पुन्हा तिरपा उतरतो आणि ज्वालामुखीही परत दिसतात. म्हणून केवळ सीमा असून भागत नाही. सीमेवर काय खाली जाते आणि किती तिरपे, हे ज्वालामुखींचे स्थान ठरवते.

आता जाहीर केलेल्या उरलेल्या दोन सीमा मला पाच मिनिटांत आटोपाव्या लागणार आहेत. मध्य-महासागरी पर्वतरांगांवर भूपट्ट दूर जातात, खालचे घन प्रावरण वर येते, दाब घटतो आणि पाणी नसतानाही ते वितळते. भूकंप तेथे उथळ आणि बहुधा मध्यम असतात. पृथ्वीवरील बहुतांश शिलारस याच समुद्राखालच्या रांगांवर बाहेर पडतो, म्हणून नुसत्या जमिनीवरचे ज्वालामुखी मोजून केलेला नकाशा फसवा असतो. जिथे भूपट्ट एकमेकांना घासत शेजारून जातात, तिथे काहीही वर किंवा खाली जात नाही, म्हणून सॅन अँड्रियास विभंगावर मोठे भूकंप आहेत आणि ज्वालामुखींची रांग नाही. हवाई बेटे सीमेपासून हजारो किलोमीटर दूर आहेत. त्यांच्याखालून वर येणाऱ्या गरम प्रावरणाला भूपट्टाच्या कडेशी देणेघेणे नाही.

आणि हिमालय. तेथे भारतीय भूपट्टाची सरक दरवर्षी सुमारे 2 सेंटिमीटर पर्वतात सामावली जाते, 1934 चा बिहार-नेपाळ आणि 2015 चा गोरखा हे भूकंप त्याच सरकण्यातून आले, तरी ज्वालामुखी एकही नाही. खाली जाणारा खडक खंडाचा असल्याने हलका आहे, तो खोलवर उतरत नाही आणि समुद्रतळासारखे पाणीही नेत नाही. पण सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी खंड भिडण्याआधी तेथे टेथिस समुद्राचा तळ खाली जात होता. त्या काळच्या ज्वालामुखी रांगेखाली थिजलेला शिलारस आज लडाखच्या ग्रॅनाइटच्या डोंगरांत उघडा पडला आहे. समुद्रतळ संपला तसा शिलारस बंद झाला, भूकंप मात्र चालूच राहिले.