उंच स्तंभात किती मुलं?

[दृश्य: लक्ष्मीपुरीतली धान्याची पेठ. काट्यावर पोतं चढतंय. गल्ल्याशेजारी ठेवलेल्या मोबाईलवर एक फोटो उघडा आहे.]

निवेदन:
कोल्हापुरातल्या एका शाळेत दहावीची पूर्वपरीक्षा झाली. बीजगणित आणि भूमिती मिळून 80 गुण. वर्गात 60 मुलं. सरांनी गुणांचा आयतालेख, म्हणजे हिस्टोग्राम, आलेख कागदावर काढला आणि फलकावर लावला. कुणीतरी त्याचा फोटो काढून पालकांना पाठवला.

या दुकानातल्या वडिलांच्या मुलाला 58 गुण आहेत. फोटोत सगळ्यात उंच स्तंभ आहे 60 ते 70 चा. वडिलांनी सरांना फोन लावला.

वडिलांचा आवाज:
"सर, बहुतेक पोरं साठाच्या वर हाईत की. आमचं मागं पडलं म्हणायचं काय?"

[दृश्य: फोटो पूर्ण पडद्यावर.]

निवेदन:
उत्तराआधी फोटो नीट वाचून घेऊ. तो उजव्या बाजूनं, जवळ उभं राहून काढलाय. त्यामुळे उजवीकडचे स्तंभ मोठे दिसतात आणि डावीकडचे लहान होत जातात. 40 ते 50 चा स्तंभ बघा आणि शेवटचा 70 ते 80 चा बघा. शेवटचा बराच उंच वाटतो. पण कागदाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलंय: Y अक्षावर 1 सेमी बरोबर 2 विद्यार्थी. छापील चौकोन मोजले की दोन्ही स्तंभ साडेचार सेंटीमीटरचे निघतात. दोन्हींत 9-9 मुलं.

म्हणून फोटोतली उंची डोळ्यानं किंवा पट्टीनं मोजायची नाही. कॅमेरा तिरका असला तरी कागदावरचे चौकोन स्तंभासोबतच तिरके होतात, त्यांची संख्या बदलत नाही. तेवढे मोजायचे.

[दृश्य: स्तंभांवर एकेक आकडा उमटतो.]

डावीकडून वाचत जाऊ. 0 ते 10 मध्ये 1 मुलगा. 10 ते 20 मध्ये 2. मग 4, 6, 9, 12. साठ ते सत्तरमध्ये 17. आणि शेवटी 9. बरोबर 60 गुण मिळालेलं मूल 50 ते 60 मध्ये नाही, 60 ते 70 मध्ये मोजलंय. शाळेत हीच रीत शिकवतात. आता सगळ्यांची बेरीज करा. 60 आली, वर्गाचा पट जुळला. 61 किंवा 58 आली असती तर कुठला तरी स्तंभ चुकीचा वाचला, हे लगेच कळलं असतं. एका स्तंभात एक जास्त आणि दुसऱ्यात एक कमी वाचलं, तर मात्र ही बेरीज चूक पकडत नाही.

[दृश्य: उंच स्तंभ एकटा उजळतो.]

आता उंच स्तंभाकडे वळू. त्यात 17 मुलं आहेत. दुसऱ्या कुठल्याही एका गटात इतकी मुलं नाहीत, एवढंच तो सांगतो. या गटाला बहुलकीय वर्ग म्हणतात. पण 60 पैकी 17 म्हणजे वर्गाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. उरलेली 43 मुलं या स्तंभाच्या बाहेर आहेत. उंची गुणांची नसते, डोक्यांची असते. "सगळ्यात जास्त मुलं या गटात" हे खरं आहे. "बहुतेक मुलं या गटात" हे खरं नाही.

वडिलांचं म्हणणं मोजून पाहू. साठ आणि त्यापुढे 17 अधिक 9, म्हणजे 26 मुलं. साठाच्या आत 34. म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ग साठाच्या खालीच आहे.

मग 58 गुणांचा मुलगा नेमका कुठे उभा आहे? सगळ्या मुलांना चढत्या गुणांनी रांगेत उभं केलं तर मधली दोघं 30 वी आणि 31 वी. पन्नासाच्या आत 22 मुलं संपतात, साठापर्यंत 34. म्हणजे मधली दोघंही 50 ते 60 मध्येच आहेत. पाठ्यपुस्तकातलं सूत्र लावलं तर मध्यक साधारण 57 येतो. मुलगा वर्गाच्या मध्यावर आहे.

[दृश्य: स्तंभांच्या माथ्यांवरून एक रेघ सरकते. डावीकडे लांब उतार.]

आता आकार बघा. उजवीकडे उंचवटा आणि डावीकडे लांब उतरत गेलेलं शेपूट. इथं पुष्कळजण फसतात. उंचवटा उजवीकडे, म्हणून ते याला उजवी विषमता समजतात. पण आकार एका बाजूला ओढला जाणं म्हणजे विषमता. विषमतेचं नाव शेपटावरून ठरतं. शेपूट डावीकडे, म्हणून ही डावी, म्हणजेच ऋण विषमता.

प्रत्येक गटाचा मधला गुण धरून सरासरी काढली तर ती येते सुमारे 53, म्हणजे मध्यकापेक्षाही खाली. कारण सरळ आहे. 53 वरून वर जायला जागा फक्त 27 गुणांची, 80 ला पेपरच संपतो. खाली मात्र शून्यापर्यंत 53 गुणांची जागा मोकळी आहे. पाच-दहा गुणांवर अडकलेलं एखादं मूल सरासरीला जितकं खाली ओढतं, तितकं वर ओढायची सोय कुठल्याच हुशार मुलाकडे नाही. मध्यकाला त्याची फिकीर नसते, तो फक्त रांगेतली जागा बघतो. म्हणून अशा आकारात पालकांना सरासरीपेक्षा मध्यक सांगणं मला जास्त न्यायाचं वाटतं.

पेपर सोपा होता, की वर्गाची तयारी चांगली होती? दोन्हींमुळे हाच आकार येऊ शकतो. कारण शोधायला उत्तरपत्रिका उघडाव्या लागतात.

[दृश्य: सर गुणपत्रक उघडून नवा आलेख काढताहेत.]

सरांनी त्याच गुणांचा दुसरा आलेख काढला. या वेळी गट पाच-पाच गुणांचे. उंची आता 1 सेमीला 1 मुलगा. आधीच्या 17 मुलांची फाळणी झाली: 60 ते 65 मध्ये 8, 65 ते 70 मध्ये 9. आणि 50 ते 60 मधली 12 मुलं? 50 ते 55 मध्ये फक्त 2, आणि 55 ते 60 मध्ये 10.

सगळ्यात उंच स्तंभ सरकला. तो आता 55 ते 60 चा आहे, आणि 58 गुणांचा मुलगा त्याच्यातच बसलाय. एकाही मुलाचा एकही गुण बदललेला नाही, बदलली ती गटाची रुंदी. दहा-दहाच्या आलेखाचा फोटो कितीही स्वच्छ असता, तरी त्यातून हे दिसलं नसतं. शेपूट मात्र दोन्ही आलेखांत डावीकडेच आहे. रुंदी बदलल्यावर उंच स्तंभ हलतो, त्या मानानं शेपटाची दिशा टिकते.

[दृश्य: पहिला आलेख पुन्हा. 20 ते 30 चा स्तंभ उजळतो.]

फोन ठेवता ठेवता वडिलांनी आणखी एक विचारलं.

वडिलांचा आवाज:
"आणि सर, नापास किती झाली?"

निवेदन:
पास होण्याची 35 टक्क्यांची रेघ 28 वर येते. वीसच्या आतली 3 मुलं नापास, हे फोटो सांगतो. पण 28 ची रेघ पुढच्या स्तंभाच्या पोटातून जाते. त्यातल्या 4 मुलांपैकी रेघेच्या अलीकडे किती, हे स्तंभ सांगू शकत नाही. सरांनी गुणपत्रकावर बोट फिरवलं: 21, 26, 28, 29. दोघं अलीकडे, दोघं पास. एकूण नापास 5.