पोस्टिंगची जागा बदलून मागणारं पत्र

श्रोतेहो, नमस्कार. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला क्लिनिकल पोस्टिंगची जागा बदलून हवी असेल तर प्राचार्यांना पत्र कसं लिहावं, याबद्दल आज बोलायचं आहे. रोजचा प्रवास झेपत नाही आणि घरची जबाबदारीही टाळता येत नाही, अशा अडचणीत बऱ्याच मुली असतात. त्यांची अडचण खरी असते, तरी पत्र नामंजूर होतं. कारण पत्रात घरची अडचण पानभर असते आणि कॉलेजची अडचण कशी सुटेल याबद्दल एक ओळही नसते.

म्हणून आधी कॉलेजची बाजू समजून घेऊ. वर्षाच्या सुरुवातीला रोटेशन प्लॅन तयार होतो. कोणती तुकडी, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वॉर्डात, किती आठवडे, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. त्याप्रमाणे मुलींच्या नावांची यादी रुग्णालयाच्या मेट्रनकडे जाते आणि परवानगी येते. साधारण दहा मुलींमागे एक शिक्षिका वॉर्डात हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आता एकच मुलगी उचलून दुसऱ्या रुग्णालयात पाठवली, तर तिथे तिच्यावर लक्ष ठेवणार कोण? तिच्या लॉगबुकवर सही कोण करणार? त्या रुग्णालयात आपल्याच कॉलेजची तुकडी आणि शिक्षिका आधीपासून असेल, तरच हे जमतं.

दुसरी गोष्ट हजेरीची. परीक्षेला बसण्यापुरती ८० टक्के हजेरी चालते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पदवी किंवा प्रमाणपत्र हाती पडण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागातली हजेरी १०० टक्के भरावी लागते, हे अनेकींच्या लक्षात राहत नाही. सकाळी ८ ते २ अशी सहा तासांची ड्युटी धरा. आठवड्याचे सहा दिवस, असे चार आठवडे. बस चुकली म्हणून रोज एक तास उशीर झाला, तर महिन्याअखेर चोवीस तास कमी भरतात. म्हणजे चार पूर्ण ड्युट्या. त्या नंतर भरून काढाव्याच लागतात, आणि त्या बहुतेक वेळा सुट्टीत भराव्या लागतात. लांबच्या प्रवासाचं खरं नुकसान हे आहे आणि पत्रात ते आकड्यांत यायला हवं. ‘घर फार लांब आहे, खूप त्रास होतो’ या वाक्यावरून प्राचार्यांना काहीच ठरवता येत नाही.

आता एक उदाहरण धरू. मुलगी चाकणला राहते, कॉलेज पिंपरीत आहे. मेडिकल-सर्जिकलचं चार आठवड्यांचं पोस्टिंग हडपसर भागातल्या रुग्णालयात लागलं आहे. पावणेआठला हजर राहायचं, तर तिला सव्वापाचला घर सोडावं लागतं. आधी भोसरी, तिथून पुणे स्टेशन, मग हडपसर, अशा दोन बस बदलायच्या. दुपारी दोनला सुटून घरी पोचेपर्यंत पाच वाजतात, कारण परतीच्या वेळी नाशिक रस्त्यावरची कोंडी सुरू झालेली असते. घरी आईचं डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी चार ते रात्री आठ, चाकणमधल्याच केंद्रात. पावणेचारला आईला तिथे घेऊन पोचायचं असतं. वडील एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला, धाकटा भाऊ शाळेत.

अशा वेळी मुली जी पहिली मागणी करतात, तिथेच बहुधा चूक होते. ‘चाकणचं ग्रामीण रुग्णालय माझ्या घराजवळ आहे, मला तिथे पाठवा’, असं त्या लिहितात. ग्रामीण रुग्णालय साधारण तीस खाटांचं असतं आणि संलग्न रुग्णालयाला किमान पन्नास खाटा लागतात. शिवाय शिकण्याजोगे रुग्ण पुरेसे हवेत, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असं प्रमाण धरलेलं आहे. कॉलेजचा करार नसलेल्या ठिकाणी केलेली ड्युटी हजेरीत धरली जात नाही. म्हणून पर्याय सुचवायचा तो कॉलेजच्या संलग्न रुग्णालयांच्या यादीतलाच. ही यादी क्लिनिकल समन्वयक मॅडमकडे असते, ती आधी पाहून घ्यावी.

आपल्या उदाहरणातल्या मुलीला त्या यादीत पिंपरीतलं एक रुग्णालय दिसतं. त्याच चार आठवड्यांत तिच्याच वर्गाची दुसरी तुकडी तिथल्या मेडिकल वॉर्डात आहे, शिक्षिकाही आहेत. त्या तुकडीतली एक मैत्रीण हडपसरजवळ राहते आणि अदलाबदलीला तयार आहे. आता मागणीचं रूप बदललं. दोन्हीकडची संख्या तीच राहते, नवा करार लागत नाही, शिक्षिका वाढवावी लागत नाही, फक्त दोन नावं इकडची तिकडे होतात. आणि पिंपरीहून दोनला सुटलेली मुलगी सव्वातीनपर्यंत चाकणला पोचते, म्हणजे डायलिसिसची वेळ सांभाळता येते. प्राचार्यांनाही हे गणित पटतं.

पत्र आता वाचून दाखवते. लिहून घेतलंत तरी चालेल.

प्रति, माननीय प्राचार्या. मार्फत, वर्ग समन्वयक. विषय: मेडिकल-सर्जिकल पोस्टिंगचे ठिकाण परस्पर अदलाबदलीने बदलून मिळणेबाबत. संदर्भ: पोस्टिंगच्या आदेशाचा क्रमांक आणि दिनांक.

‘महोदया, मी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून वरील आदेशानुसार माझे चार आठवड्यांचे पोस्टिंग हडपसर येथील रुग्णालयात आहे. माझे घर चाकण येथे आहे. सकाळी ७.४५ वाजता हजर राहण्यासाठी मला ५.१५ वाजता निघावे लागते व ड्युटी संपल्यावर घरी पोहोचण्यास सायंकाळचे ५ वाजतात. माझ्या आईचे डायलिसिस सोमवार, बुधवार व शुक्रवारी दुपारी ४ वाजता असते. तिला केंद्रात नेणे व घरी आणणे ही जबाबदारी माझ्यावर आहे. वडील दुसऱ्या पाळीत कामावर असतात व भाऊ अल्पवयीन आहे. या कारणाने मी वसतिगृहात राहू शकत नाही. सकाळच्या सत्रासाठी आम्ही केंद्राकडे विनंती केली होती, परंतु सध्या जागा नसल्याचे केंद्राने कळविले आहे. याच कालावधीत पिंपरी येथील संलग्न रुग्णालयात असलेली माझी वर्गमैत्रीण अदलाबदलीस तयार असून तिचे संमतीपत्र जोडले आहे. हे शक्य नसल्यास, माझे हडपसर येथील पोस्टिंग पुढील रोटेशनमध्ये द्यावे, ही विनंती. ठिकाण बदलले तरी या विभागातील ठरलेले तास, केस स्टडी व लॉगबुकमधील सर्व नोंदी मी पूर्ण करीन. निर्णय होईपर्यंत मी सध्याच्या ठिकाणी नियमित हजर राहीन. आपली विश्वासू.’

एवढंच. एका पानात बसतं. त्यातली दोन-तीन वाक्यं मुद्दाम घातली आहेत, ती का ते सांगते. वसतिगृहाचं वाक्य नसेल तर प्राचार्यांचा पहिला प्रश्न तोच येणार, ‘मग होस्टेलला का राहत नाहीस?’ सकाळच्या सत्राचंही तसंच. डायलिसिस केंद्रात सत्रं ठरलेली असतात आणि जागा रिकामी झाली की वेळ बदलून मिळते. तो प्रयत्न आधी केला होता हे पत्रातून दिसलं, की बदल फक्त कॉलेजनंच करावा, बाकी सगळं तसंच ठेवायचं आहे, असं वाटत नाही. केंद्रात खरोखर विचारणा केल्यावरच हे वाक्य लिहावं, हे वेगळं सांगायला नको. आणि पुढच्या रोटेशनचा दुसरा पर्याय ठेवला, तर ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये मंजुरीला एक जागा राहते.

आईला सोबत कशाला लागते, असंही कोणी विचारेल. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, हातातल्या फिस्टुलाच्या जागेतून पुन्हा रक्त येऊ शकतं. रुग्णाला एकटं रिक्षात बसवून देणं बरोबर नाही. नर्सिंगच्या प्राचार्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, म्हणून पत्रात ते लांबवू नये. डॉक्टरांच्या दोन ओळींच्या दाखल्यात ‘सत्रानंतर सोबत आवश्यक’ एवढं असलं की पुरे. त्यासोबत डायलिसिसच्या वेळापत्रकाची प्रत, पत्त्याचा पुरावा, वडिलांच्या पाळीबद्दल कंपनीचं पत्र मिळालं तर ते, आणि मैत्रिणीचं सही केलेलं संमतीपत्र जोडावं. आईचे सगळे रिपोर्ट जोडू नयेत. त्यांचा या निर्णयाशी संबंध नाही आणि ती आईची खासगी गोष्ट आहे.

पत्र पोस्टिंग सुरू होण्याआधी, शक्य तर दोन-तीन आठवडे आधी द्यावं. बदललेल्या नावांची यादी पुन्हा दोन्ही मेट्रनकडे जायची असते, त्याला वेळ लागतो. दोन प्रती न्याव्यात, एक ऑफिसात द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. व्हॉट्सॲपवर मॅडमना पाठवलेला फोटो म्हणजे अर्ज नव्हे.

एक कळकळीनं सांगते, उत्तर येण्याआधी ड्युटीला जाणं थांबवू नका. अनेक अर्ज इथेच बिघडतात. अर्ज दिला म्हणजे बदल झाला असं समजून मुलगी चार दिवस घरी राहते, गैरहजेरी लागते, आणि मग अर्जावर विचार होण्याऐवजी चर्चा त्या गैरहजेरीची होते. तसंच ओळखीच्या पुढाऱ्याची चिठ्ठी आणू नका. वॉर्डातल्या कुणाबद्दल तक्रार असेल तर तिचा अर्ज वेगळा द्या. दोन्ही एका पत्रात आलं, की प्रवास हे निमित्त आहे असा अर्थ निघतो. आणि प्रवासाची वेळ वाढवून लिहू नका. पुण्यातली शिक्षिकाही त्याच बसनं येते, तिला चाकण रस्ता माहीत असतो.

सगळीच पोस्टिंग बदलता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. मेडिकल-सर्जिकलला पर्याय अनेक असतात. प्रसूती विभागात तसं नाही, कारण जिथे बाळंतपणं कमी होतात तिथे लॉगबुकमधल्या नोंदी पूर्ण होत नाहीत. जवळचं रुग्णालय मिळालं आणि नोंदी अपुऱ्या राहिल्या, तर पुन्हा लांबच जावं लागतं. मनोरुग्ण परिचर्येसाठी तर जागाच मोजक्या. शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, त्यामुळे लांबच्या कॉलेजच्या मुली तिथे काही आठवडे राहायलाच जातात. अशा पोस्टिंगसाठी जागा बदलून मागू नका, कालावधी बदलून मागा. घरात त्या आठवड्यांपुरती मावशीची, आत्याची सोय होऊ शकेल असे दिवस आधी शोधा आणि तेच दिवस पत्रात सुचवा.

मंजुरी मिळाली, तर तोंडी निरोपावर नव्या ठिकाणी जाऊ नका. सुधारित आदेशाची प्रत हातात घ्या आणि तिथल्या मेट्रनच्या यादीत आपलं नाव आल्याची खात्री करा. पोस्टिंग आधीच सुरू झालं असेल, तर जुन्या ठिकाणी भरलेल्या तासांवर त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची आणि शिक्षिकेची सही निघण्याच्या दिवशीच घ्या. महिन्याभरानं त्या सिस्टरची पाळी बदललेली असते, रजिस्टर दुसऱ्या कपाटात गेलेलं असतं आणि चार तासांच्या सहीसाठी पुन्हा हडपसरची बस धरावी लागते.